सुरक्षित वाटा कोठे ठेवावा? : अल्पबचत योजना आणि डेट फंड

संगमनेर येथील एका शिक्षक दांपत्याने काही दिवसांपूर्वी एक प्रश्न विचारला. दोघेही अनुदानित शाळेत, दोघांचीही नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. अर्थात जुनी निवृत्तिवेतन योजना त्यांना लागू नाही. प्रथम परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली अशा मार्गाने त्यांची कपात होत आली आहे. सरांचे वय ४२. निवृत्ती ५८ व्या वर्षी. म्हणजे हाताशी १६ वर्षे आहेत. दरमहा २० हजार रुपये बाजूला टाकता येतात. त्यांपैकी निम्मे शेअर बाजाराशी निगडित फंडांत घालण्याचे त्यांनी ठरविले आहे. प्रश्न उरलेल्या १० हजारांचा होता. हा सुरक्षित वाटा टपाल कार्यालयात ठेवावा की म्युच्युअल फंडांच्या रोखे योजनेत, म्हणजे ज्याला सर्वत्र 'डेट फंड' म्हणतात त्यात?

आपल्या भागात 'सुरक्षित' हा शब्द उच्चारला की मनात प्रथम गावातील पतसंस्था किंवा नागरी सहकारी बँक येते. परंतु ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने अहमदनगरच्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवविम्याचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंतच असते ही गोष्ट जिल्ह्यातील अनेकांना प्रथमच कळली. पतसंस्थांच्या ठेवींना तर तो विमाही लागू नाही. त्यामुळे १६ वर्षांच्या ठेवीसाठी तो पर्याय या दांपत्याने स्वतःहून बाजूला ठेवला आणि ते योग्यच झाले. तेव्हा आता विचार उरलेल्या दोन पर्यायांचा.

अल्पबचत योजना अनेक आहेत. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, किसान विकास पत्र, मासिक उत्पन्न योजना, मुदत ठेव, ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना, दहा वर्षांखालील मुलींसाठी सुकन्या समृद्धी. पण दीर्घ मुदतीच्या नियोजनात चाळिशीतील माणसासाठी त्यांतील मुख्य एकच, ती म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आपण सारे 'पीपीएफ' म्हणून ओळखतो. एका आर्थिक वर्षात किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये त्यात भरता येतात. बचत प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. त्याचा दर घेतेवेळी ठरतो आणि मुदतभर बदलत नाही, हा त्याचा गुण. मात्र त्याचे व्याज करपात्र आहे. पीपीएफचे व्याज मात्र करमुक्त आहे, आणि ते जुन्या व नव्या दोन्ही करप्रणालींत. नव्या प्रणालीत पैसे भरताना सवलत मिळत नाही, एवढाच फरक. 'नवी प्रणाली घेतली म्हणजे पीपीएफचा उपयोग संपला' असे जे बोलले जाते, ते म्हणूनच बरोबर नाही.

आता या दोन पर्यायांमागे पैसा नेमका कोणाकडे जातो, ते पाहू. माझ्या मते साऱ्या तुलनेची गुरुकिल्ली तेथे आहे.

टपाल कार्यालयात किंवा बँकेत आपण पीपीएफचे पैसे भरतो, तेव्हा आपण केंद्र सरकारला कर्ज देत असतो. १९९९ पासून या योजनांचा पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतो. त्यावरील व्याजदर सरकार दर तिमाहीस जाहीर करते. दुसरीकडे, सरकार बाजारात रोखे विकूनही कर्ज घेते. सरकारी रोख्यांचा डेट फंड, ज्यास 'गिल्ट फंड' म्हणतात, तो आपल्या पैशांतून हेच रोखे विकत घेतो. म्हणजे कर्जदार एकच. दारे मात्र दोन आहेत. एका दारावर व्याज शासकीय अधिसूचनेने ठरते, दुसऱ्यावर बाजारातील खरेदीविक्रीने.

२०११ मध्ये श्यामला गोपीनाथ समितीने असे सुचविले की अल्पबचतीचे दर बाजारातील सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडावेत व त्यावर थोडी भर द्यावी. पीपीएफसाठी ही भर पाव टक्का होती. तत्त्व स्वीकारले गेले, परंतु प्रत्यक्षात सरकार त्यास काटेकोरपणे धरून राहिले नाही. २०२५ च्या मध्यास दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास होता. सूत्रानुसार पीपीएफचा दर साडेसहाच्या घरात यावयास हवा होता. दिला जात होता तो ७.१ टक्के; १ एप्रिल २०२० पासून २०२५ संपेपर्यंत त्यात बदल झाला नाही. गिल्ट फंडातील गुंतवणूकदारास मात्र त्याच काळात सव्वासहा टक्क्यांचा रोखा मिळतो व त्यातून फंडाचा वार्षिक खर्चही वजा होतो. एकाच कर्जदाराकडून लहान बचतदाराला मोठ्या बाजारापेक्षा अधिक व्याज मिळते आहे आणि वर ते करमुक्तही आहे. ही एक प्रकारची सवलतच असून वार्षिक दीड लाखाच्या मर्यादेचे कारणही तेच आहे.

मग हे सर्वांना ठाऊक का नसते? एक कारण साधे आहे. १ डिसेंबर २०११ पासून पीपीएफवरील एजंटांचे कमिशन बंद झाले. दारी येणाऱ्या अल्पबचत प्रतिनिधीस आवर्ती ठेवीवर काही मिळते, पीपीएफवर नाही. म्युच्युअल फंडाच्या 'रेग्युलर' योजनेत वितरकाचा वाटा दरवर्षी खर्चातून दिला जातो. २०१३ पासून वितरकाविना घेण्याची 'डायरेक्ट' योजना प्रत्येक फंडात उपलब्ध आहे, पण तीही सांगावयास कोणी घरी येत नाही. कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचा यात हेतू नाही. ज्या वस्तूच्या विक्रीतून कोणासच काही मिळत नाही तिची चर्चा कमी होते, इतकेच.

पीपीएफचा खरा दोष दुसरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. त्याचा दर कायमचा नसतो. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत हा दर १२ टक्के होता. तो ११, मग साडेनऊ, मग ९ असा उतरत मार्च २००३ मध्ये ८ टक्क्यांवर आला. ज्यांनी १९९५ मध्ये १२ टक्के कायम धरून मुलीच्या शिक्षणाचे गणित मांडले, त्यांचे गणित चुकले. बदललेला दर नव्या भरण्यासच नव्हे, तर खात्यातील संपूर्ण शिलकेस लागू होतो. ३१ मार्च २०२१ च्या रात्री पीपीएफचा दर ६.४ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले होते आणि १ एप्रिलच्या सकाळी तो आदेश मागे घेतला गेला. तो प्रसंग वाचकांना आठवत असेल. म्हणून सुरक्षित म्हणजे मुद्दल सुरक्षित, दर नव्हे, एवढे मनाशी पक्के असावे.

याच ठिकाणी डेट फंडाचा एक गुण दिसतो. व्याजदर उतरू लागले की जुन्या, अधिक व्याजाच्या रोख्यांची किंमत वाढते आणि फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य वर जाते. पीपीएफधारकाला दरकपातीची अशी भरपाई मिळत नाही. परंतु दर चढू लागले की हेच चक्र उलटे फिरते. किती उलटे फिरेल, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक फंडाच्या मासिक माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' म्हणून एक आकडा दिलेला असतो. तो ६ असेल तर बाजारातील व्याज १ टक्क्याने वाढल्यास फंडाचे मूल्य सुमारे ६ टक्क्यांनी घटते; आकडा १ असेल तर सुमारे १ टक्क्याने. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. २०२२ या वर्षात दीर्घ मुदतीच्या काही गिल्ट फंडांनी बचत खात्याइतकाही परतावा दिला नाही. सरकारने एक पैसाही बुडविलेला नव्हता, तरी मूल्य वाढले नाही. 'सरकारी रोखे म्हणजे कमी होणारच नाही' ही समजूत येथे फसते.

हा झाला व्याजदराचा धोका. दुसरा धोका कर्जदाराचा. अधिक परताव्यासाठी काही फंड दुय्यम पतमानांकनाच्या कंपन्यांचे रोखे घेतात. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कर्जफेड चुकली. त्यानंतर २०१९ मध्ये डीएचएफएल. ज्या फंडांकडे त्यांचे रोखे होते त्यांचे मूल्य एका दिवसात खाली आले. पुढे २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या. त्यांत २५ हजार कोटींहून अधिक रक्कम अडकली. त्यांतील एका योजनेचे नाव 'अल्ट्रा शॉर्ट बाँड' होते. नावावरून कोणासही वाटावे की हे बचत खात्याच्या शेजारचे काहीतरी असावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ पासून पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळू लागले आणि अखेरीस बंदच्या दिवशी असलेल्या मूल्यापेक्षा अधिक रक्कम गुंतवणूकदारांना मिळाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्याला मे २०२० मध्ये रुग्णालयाचे बिल भरावयाचे होते, त्याला ते २०२१ मध्ये मिळून काय उपयोग?

असा फंड आधी ओळखता येतो काय? बऱ्याच अंशी येतो. माहितीपत्रकात 'यील्ड टू मॅच्युरिटी' हा आकडा पाहावा. सारख्याच मुदतीच्या इतर फंडांपेक्षा तो दीड-दोन टक्के जास्त असेल, तर ती व्यवस्थापकाची हुशारी नसून कमी पतीच्या कर्जदारांना दिलेल्या कर्जाचे ते मोल आहे असे समजावे. त्याखाली रोख्यांची पतवारी दिलेली असते. सरकारी आणि ट्रिपल ए मिळून जवळजवळ सर्व रक्कम नसेल, तर सुरक्षित वाट्यासाठी तो फंड नको. नावावर जाऊ नये, यादीवर जावे.

आता कराचा मुद्दा. ३१ मार्च २०२३ पर्यंत घेतलेल्या डेट फंडांना तीन वर्षांनंतर महागाईशी जुळवून हिशेब करण्याची सवलत होती. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांवरील नफा, कितीही वर्षे ठेवली तरी, नेहमीच्या उत्पन्नात मिळवून आपल्या पायरीप्रमाणे करपात्र होतो. या बदलानंतर 'डेट फंड संपले' असे मथळे वृत्तपत्रांत आले. मला ते अतिशयोक्त वाटते. एक तर हा कर दरवर्षी नव्हे, तर युनिटे विकतानाच लागतो. ठेवीच्या किंवा बचत प्रमाणपत्राच्या व्याजाप्रमाणे दरसाल नाही. दुसरे म्हणजे २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरत नाही, आणि डेट फंडाचा असा नफा त्या सवलतीत बसतो. निवृत्तीनंतर ज्याचे उत्पन्न बेताचे असेल, त्याने दरवर्षी थोडी थोडी युनिटे विकली तर त्याला कर कदाचित लागणारच नाही. तीस टक्क्यांच्या पायरीवरील मुंबईच्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला सल्ला संगमनेरच्या शिक्षकास जसाच्या तसा लागू पडत नाही.

तेव्हा सरांच्या १० हजारांचे गणित मांडू. हिशेब सुलभ व्हावा म्हणून दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेच्या आत १ लाख २० हजार एकदम भरले असे धरू, आणि पहिला भरणा एप्रिल २०२५ मध्ये झाला असे मानू. पीपीएफची मुदत १५ वर्षांची म्हणतात, परंतु ती खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. म्हणून हे खाते मार्च २०४१ अखेर पूर्ण होईल आणि भरणे १५ नव्हे, तर १६ होतील. दर ७.१ टक्केच राहिला तर १९ लाख २० हजारांचे सुमारे ३६ लाख १४ हजार होतात. तेवढीच रक्कम त्याच तारखांना सरकारी व ट्रिपल ए रोख्यांच्या फंडात घातली आणि खर्च वजा जाता सरासरी ६ टक्के मिळाले, तर सुमारे ३२ लाख ६५ हजार होतात. हे सहा टक्के माझे गृहीत आहे, त्याची हमी कोणी देत नाही, तसेच ७.१ टक्क्यांचीही १६ वर्षांसाठी कोणी देत नाही. कर धरण्यापूर्वीच साडेतीन लाखांच्या आसपास फरक पडतो. फंडाचा नफा एकाच वर्षात काढून २० टक्क्यांच्या पायरीत नेला तर उपकरासह आणखी सुमारे २ लाख ८० हजार जातात. टप्प्याटप्प्याने काढला तर कदाचित काहीच नाही.

मधल्या एका बारकाव्याचीही नोंद घ्यावी. पीपीएफमध्ये व्याज दरमहाच्या ५ तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजतात. पगार ७ तारखेला होतो म्हणून दरमहा १० तारखेस १० हजार भरणाऱ्याचे प्रत्येक भरण्यामागे एका महिन्याचे, म्हणजे सुमारे ५९ रुपयांचे व्याज बुडते. रक्कम लहान, पण ती कशासाठी सोडावी?

आतापर्यंतचा हिशेब पीपीएफच्या बाजूने झुकला. परंतु सुरक्षित वाट्याचे काम केवळ वाढणे नव्हे. शेअर बाजार कोसळला की त्यातून काही रक्कम उचलून स्वस्त झालेल्या शेअर फंडांत नेता आली पाहिजे. तसेच घरात अडचण आली तर तो हाताशी असला पाहिजे. येथे पीपीएफ अडखळते.

वरील खात्याचेच पाहा. पहिली अंशतः उचल एप्रिल २०३१ पासून करता येईल. तोपर्यंत सहा भरणे होऊन खात्यात सुमारे ९ लाख २१ हजार जमलेले असतील. पण उचल मिळते ती त्यापूर्वीच्या चौथ्या वर्षाच्या, म्हणजे मार्च २०२८ अखेरच्या शिलकेच्या किंवा लगतच्या वर्षअखेरीच्या शिलकेच्या निम्मी, यांपैकी जी कमी ती. मार्च २०२८ ची शिलक सुमारे ४ लाख १३ हजार. म्हणून नऊ लाखांतून हाती येतील दोन लाख सहा-सात हजार, आणि तेही वर्षातून एकदाच. त्यापूर्वी तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज मिळते, पण तेही मर्यादितच. गंभीर आजार किंवा उच्च शिक्षण अशा कारणांसाठी पाच वर्षांनंतर खाते मुदतीआधी बंद करता येते, मात्र व्याज एक टक्का कमी धरले जाते.

याउलट डेट फंडातील पैसे दोन-तीन कामाच्या दिवसांत बँक खात्यात येतात. मग त्यात किती ठेवावे? याचे उत्तर अंदाजाने न देता एका घडलेल्या घसरणीवरून काढू. २० जानेवारी २०२० ते २३ मार्च २०२० या दोन महिन्यांत निफ्टी सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आला. समजा एखाद्याकडे शेअर फंडांत १० लाख आणि सुरक्षित वाट्यात १० लाख होते. घसरणीनंतर शेअर फंडांचे ६ लाख २० हजार उरले. एकूण १६ लाख २० हजार. पुन्हा निम्मे-निम्मे करण्यासाठी प्रत्येकी ८ लाख १० हजार हवेत, म्हणजे सुरक्षित वाट्यातून १ लाख ९० हजार उचलावे लागतील. एवढ्या मोठ्या पडझडीतही सुरक्षित वाट्याचा जेमतेम पाचवा भाग हलवावा लागला. उरलेले चार भाग कुलूपबंद असले तरी बिघडले नसते.

यावरून माझे मत असे झाले आहे की सुरक्षित वाट्याचे चार भाग पीपीएफमध्ये व एक भाग अल्प मुदतीच्या, सरकारी व ट्रिपल ए रोख्यांच्या डेट फंडात असावा. सरांच्या बाबतीत दरमहा ८ हजार आणि २ हजार. त्या फंडाची ड्युरेशन दोन-अडीचच्या वर नसावी, कारण ज्या वेळी त्याची गरज पडेल त्या वेळी त्याचे मूल्यही खाली आलेले असणे परवडणारे नाही. दीर्घ मुदतीचा गिल्ट फंड घेऊन दरकपातीचा लाभ साधण्याची कल्पना आकर्षक आहे, पण तो सुरक्षित वाटा राहत नाही. तो व्याजदरावर बांधलेला अंदाज होतो.

ज्यांना फंडाच्या वाटेस जाण्याची इच्छाच नाही, त्यांच्यासाठीही एक मार्ग आहे. वरील उदाहरणातील १ लाख ९० हजार कोठूनही न उचलता, दरमहा पीपीएफमध्ये जाणारे १० हजार काही काळ शेअर फंडाकडे वळवावेत. १९ महिन्यांत तेवढी रक्कम तिकडे जाते. पीपीएफ खाते चालू राहण्यासाठी त्या वर्षात ५०० रुपये भरले तरी पुरतात. हे हळू होते, आणि मार्च २०२० नंतर बाजार १९ महिने थांबून राहिला नव्हता. परंतु घाबरून काहीच न करण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

दोन गोष्टी या दांपत्याच्या ध्यानात नव्हत्या. त्यांच्या निवृत्तिवेतन प्रणालीतील खात्याचा मोठा भाग मूळ योजनेनुसार रोख्यांतच असतो. शेअर्सचा वाटा दीर्घकाळ १५ टक्क्यांच्या मर्यादेत राहिला. म्हणजे त्यांचा सुरक्षित वाटा त्यांना वाटतो त्याहून आधीच मोठा आहे. वार्षिक विवरणपत्र काढून तो आकडा पाहावा व मगच निम्मे-निम्मे ठरवावे. दुसरी गोष्ट अशी की सरांच्या नावे टपाल कार्यालयात २०१२ मध्ये उघडलेले व नंतर विसरलेले एक पीपीएफ खाते निघाले. एका व्यक्तीस एकच खाते ठेवता येते. बँकेत दुसरे उघडले असते तर ते अनियमित ठरले असते. जुने खाते दंड व थकलेले किमान भरणे भरून पुन्हा सुरू करता येते.

आणि जुने खाते हे नव्यापेक्षा किती तरी उपयुक्त असते. २०१२-१३ मध्ये उघडलेल्या त्या खात्याची मुदत मार्च २०२८ अखेर संपेल. त्यानंतर ते पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. भरणा चालू ठेवून वाढविल्यास त्या पाच वर्षांत, सुरुवातीच्या शिलकेच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. भरणा न करता तसेच ठेवल्यास वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम. करमुक्त व्याज चालू, मुद्दल स्थिर, आणि पैसा जवळजवळ हाताशी. पन्नाशीनंतर अशा खात्यापुढे डेट फंडाची गरज आणखी कमी होते. म्हणूनच ज्या तरुण शिक्षकांना आज बचत जमत नाही, त्यांनीही ५०० रुपये भरून खाते उघडून ठेवावे आणि दरवर्षी तेवढे तरी भरत राहावे; मुदतीचे घड्याळ त्या दिवसापासून चालू लागते.

वाढवून भरणा चालू ठेवावयाचा असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत 'फॉर्म ४' भरून द्यावा लागतो. तो न देता पैसे भरत राहिल्यास त्या भरण्यावर व्याज मिळत नाही. सरांच्या खात्यासाठी ही अंतिम तारीख मार्च २०२९ अखेरची आहे. बाईंचे खाते नवे असेल. ते २०४१ पर्यंत चालेल. पुढे निवृत्तीच्या वेळी ५८ व्या वर्षी हाती येणाऱ्या रकमेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते ६० पूर्ण होण्याआधीही उघडता येते, मात्र ती रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि जास्तीत जास्त तेवढ्याच रकमेचे.